कुत्रं नेमकं काय शिकलं? असहाय्यता, नैराश्य आणि १९६७ चा प्रयोग

मार्कंडेयकाठ

मी बेळगावात बी.ए.ला मानसशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात नैराश्याचा भाग घ्यायचाय आणि एका जागी अडलेय. पुस्तकात 'शिकलेली असहाय्यता' दीड पानात उरकलीय. कुत्र्यांना सुटका नसलेले शॉक दिले, आपलं काही चालत नाही हे ती शिकली, मग वाट मोकळी असूनही ती बसून राहिली, आणि नैराश्यातल्या माणसाचंही असंच होतं. मीही वर्षानुवर्षं एवढंच सांगत आले.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुत्रं शिकलं की नुसतं दमलं, हे कळलं कसं?" मी दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नाही. त्यात आता वाचनात आलं की ज्या दोघांनी ही कल्पना मांडली, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर, त्यांनीच २०१६ साली लिहिलंय की आम्ही गोष्ट उलटी समजलो होतो. मग वर्गात सांगायचं तरी काय? ज्यांनी हे नीट वाचलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निपाणी_नाका

मॅडम, यात अवघड काही नाही. हत्तीच्या पिल्लाला साखळीनं बांधतात. ते ओढून ओढून थकतं आणि सोडून देतं. मोठं झाल्यावर साध्या सुतळीनं बांधलं तरी जागचं हलत नाही. कुत्र्याचंही तेच. मनात एकदा बसलं की 'मला जमणार नाही', की संपलं. मी विक्रीच्या पोरांना प्रशिक्षण देतो, तिथं रोज बघतो. दहा दुकानांतून नकार आला की अकराव्या दुकानात पोरगं पायच टाकत नाही. विचार बदलला की माणूस उठतो. नैराश्याचं मूळ विचारातच आहे.

जांबोटी_घाट

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आणि पीएच.डी.च्या वर्षांत उंदरांवर काम केलंय. त्या मुलीनं विचारलेलं अगदी बरोबर आहे. पुस्तकं शॉक सांगतात आणि प्रयोगाची रचना गाळतात. तिच्या प्रश्नाचं उत्तर रचनेतच आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत भीती कशी शिकली जाते यावर काम चाललं होतं. कुत्र्याला झोळीत अडकवून आवाज आणि शॉक यांची सांगड घालून द्यायची आणि मग त्याला दोन कप्प्यांच्या पेटीत सोडायचं, असा बेत होता. पेटीत मधोमध एक आडकाठी. एका कप्प्याच्या तळाला शॉक सुरू झाला की कुत्र्यानं उडी मारून पलीकडे जायचं. साधं कुत्रं हे दोनचार फेऱ्यांत शिकतं. ही कुत्री मात्र उडीच मारेनात. प्रयोग फसला म्हणून बाकीचे वैतागले. सेलिगमन तेव्हा नवा विद्यार्थी होता, त्याला त्या फसण्यातच काहीतरी दिसलं.

१९६७ मध्ये त्यानं आणि मायरनं तीन गट केले, प्रत्येकी ८ कुत्री. पहिल्या गटाला झोळीत ६४ शॉक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या होत्या, डोकं घासून पट्टी दाबली की शॉक बंद. दुसऱ्या गटाला तितकेच शॉक. पहिल्या गटाला शॉक थांबवायला सरासरी जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ यांनाही. फक्त यांची पट्टी निकामी. शॉक आपोआप यायचा आणि आपोआप जायचा. तिसऱ्या गटाला झोळीत काहीच नाही. चोवीस तासांनी तिन्ही गट पेटीत, प्रत्येकाला १० फेऱ्या.

पहिल्या गटातल्या सगळ्यांनी उडी मारली. तिसऱ्या गटातलं एक अडलं. दुसऱ्या गटातली ८ पैकी ६ कुत्री दहातल्या किमान नऊ फेऱ्यांत बसून राहिली. आधी थोडी पळापळ, मग आडवी पडून कुंईकुंई, आणि शॉक संपायची वाट बघणं.

म्हणजे 'दमलं' हे एवढ्यानं पुरत नाही. दमायचं तर पहिल्या गटानंही तेवढेच शॉक सोसले होते. फरक एकच होता, आपल्या हालचालीनं काही घडतंय की नाही.

निपाणीकर, प्रयोगात कुत्र्याचे विचार कुणी मोजले नाहीत. मोजली ती उडी. 'विचारातच मूळ' हा पुढं माणसांनी काढलेला अर्थ आहे, आणि वाद सगळा तिथंच आहे.

रताळ्याचा_वाफा

मी शेतकरी माणूस, मानसशास्त्र मला कळत नाही. पण 'दमलं की शिकलं' हे आमच्यात रोजचं आहे, म्हणून लिहितोय.

आमच्याकडं एक बैल होता. भाताच्या चिखलणीत एका दिवशी जास्त ताणला गेला. बांधाजवळ आला आणि जू मानेवर असतानाच बसला. उठवायला गेलो, शेपटी पिळली, नाही उठला. डोळे उघडे, कान पडलेले, श्वास चालू. वडील म्हणाले, सोड, आज नको. दोन दिवस गोठ्यात ठेवला, पेंड घातली. तिसऱ्या दिवशी जुंपला तर काही झालंच नाही असा चालला.

पण शेजाऱ्याच्या बैलाचं असंच झालं, तेव्हा त्यानं दुसऱ्याच दिवशी परत जुंपला. परत बसला. परत मारलं. तो कायमचा बसका झाला, शेवटी विकला. मग माझा बैल दमला होता आणि त्याचा शिकला, असं म्हणायचं काय?

जांबोटी_घाट

तुम्ही जे सांगितलंत ते वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. तुमच्या गोठ्यातली ही गोष्ट आणि सेलिगमनच्या प्रयोगातली सगळ्यात अडचणीची गोष्ट फार जवळची आहे.

ब्रूस ओव्हरमायर आणि सेलिगमन यांच्या १९६७ च्याच दुसऱ्या लेखात हे आहे. झोळीतले शॉक झाल्यावर २४ तासांनी पेटीत घातलं तर कुत्री बसून राहतात. पण पहिल्यांदा पेटीत घालायला ४८ तास किंवा जास्त थांबलं, तर ती नेहमीसारखी उडी मारतात. आता बघा, 'माझं काही चालत नाही' हे खरंच शिकलेलं असेल तर ते दोन दिवसांत विरेल कसं? पोहायला शिकलेला माणूस दोन दिवसांत विसरत नाही.

जे वाइस नावाच्या संशोधकानं याच फटीत बोट घातलं. त्याचं म्हणणं, हे शिकणं नाहीच. जबर ताणानं मेंदूतलं नॉरएड्रेनालिन घटतं आणि हालचाल सुरू करण्याची ताकद काही काळ जाते. त्यानं उंदरांना थंडगार पाण्यात पोहायला लावलं. तिथं शॉक नाही, पट्टी नाही, 'ताबा आहे की नाही' हे शिकायला वावच नाही. तरीही नंतर ते उंदीर सुटका शिकण्यात तसेच मागं पडले.

पण दुसरी बाजूही आहे. १९६७ च्या त्या प्रयोगात जी ६ कुत्री अडली, त्यांना आठवड्यानं परत तपासलं. त्यातली ५ तशीच अडलेली होती. म्हणजे मधे विश्रांती मिळाली तर उतरतं. उतरायच्या आत पुन्हा अपयश पदरी पडलं तर पक्कं होतं. तुमचा बैल आणि शेजाऱ्याचा बैल. मी याला पुरावा म्हणत नाही, दोन बैलांवरून काही ठरत नाही. पण प्रश्न तुम्ही अचूक जागी विचारलात.

मार्कंडेयकाठ

मनापासून आभार. ४८ तासांची गोष्ट आमच्या पुस्तकात कुठंच नाही. एक शंका. बसून राहणं हीच त्यांनी झोळीत शिकलेली 'कृती' असू शकेल ना? म्हणजे अंग आवळून धरलं की शॉक कमी बोचतो, हे ती शिकली असतील. मग ती असहाय्य नाहीत, चुकीची युक्ती वापरतायत.

जांबोटी_घाट

हा आक्षेप त्या काळी बऱ्याच जणांनी घेतला होता. मायरनं १९७० मध्ये त्याला जे उत्तर दिलं, ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत आवडणारं काम आहे. त्यानं काही कुत्र्यांना मुद्दाम तेच शिकवलं, निश्चल राहिलं तरच शॉक थांबेल. आक्षेप खरा असता तर पेटीत हीच कुत्री सर्वांत जास्त अडायला हवी होती, कारण स्थिर राहायचं बक्षीसच त्यांना मिळालं होतं. ती सुरुवातीला जरा रेंगाळली, पण उडी मारायला शिकली. अडली ती ज्यांच्या हातात काहीच नव्हतं ती.

वर्गात एकच प्रयोग सांगायला वेळ असेल तर मी हा सांगेन.

हिरण्यकेशी

मी इथं फक्त वाचत असतो. आज लिहायचं कारण थोरला भाऊ.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा आमच्या घराची मागची भिंत पडली आणि उसात गुडघाभर गाळ बसला. मदतीच्या यादीत घराचं नुकसान चुकीच्या वर्गात चढलं. दुरुस्तीसाठी भाऊ एका कार्यालयात जात राहिला. कधी कागद अपुरा, कधी साहेब नाहीत, कधी 'पुढच्या सोमवारी या'. अर्ज मराठीत दिला तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नडमध्ये नेला तर फोटो जुना झाला म्हणाले. वर्षभर गेला, मग एक दिवस जायचा बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा विषय सुटला.

पण गेल्या वर्षापासून तो कशालाच उठत नाही. परसातला बल्ब गेला. वहिनीनं नवा आणून हातात दिला. दोन दिवस बल्ब त्याच्या शर्टाच्या खिशात होता. खाटेवर बसला की खिशातून तो दिसायचा. लावायला स्टुलावर एकदा चढायचं, एवढंच. मी विचारलं तर म्हणाला, "लावून काय होणार?" पहाटे तीनला जागा होतो तो झोपतच नाही. पँट सैल झालीय. आणि सगळा दोष स्वतःला देतो, 'माझ्यामुळं घराचं वाटोळं झालं.'

वर ६४ शॉक आणि निकामी पट्टी वाचलं आणि तो डोळ्यासमोर आला. हे तेच आहे का? आणि कुत्री परत उठली का?

सीमाभाग_५६

हे एका माणसाचं नाही हो. १९५६ पासून इथल्या मराठी माणसानं किती अर्ज दिले, किती मोर्चे काढले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. आज नवी पिढी सभेला येत नाही. विचारलं तर 'काय होणार?' हेच उत्तर. हीच ती शिकलेली असहाय्यता. मॅडम, हे उदाहरण वर्गात जरूर घ्या. आख्खा सीमाभाग त्या दुसऱ्या गटातला आहे.

मार्कंडेयकाठ

सीमाभाग_५६, तुमची कळकळ समजते, मीही इथलीच. पण वर्गात हे मी घेणार नाही. मला विचारायचं होतं ते एका जिवाच्या नैराश्याबद्दल. सभेला न येणारा मुलगा नोकरीला जातो, क्रिकेट खेळतो, गणपतीत रात्र जागवतो. त्याला एका गोष्टीतून फळ मिळेलसं वाटत नाही, बाकी तो ठीक आहे. हिरण्यकेशींच्या भावाला बल्ब लावायलाही उठवत नाही. दोन्हींना एकच नाव दिलं तर दोन्ही कळणार नाहीत.

सीमाभाग_५६

फरक मान्य. पण 'काय होणार' हे दोघांच्या तोंडी एकच कसं, हे मला अजून महत्त्वाचं वाटतं.

जांबोटी_घाट

हिरण्यकेशी, आधी तुमच्या भावाबद्दल, प्रयोग नंतर. पहाटेची जाग, घटलेलं वजन, स्वतःला दोष आणि कशातच मन नसणं हे इतके दिवस चाललंय, तर हे मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचं आजारपण आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत न्या. 'जगून काय करू' असं तो बोलतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात येत नाही, असेल तर बाहेर येतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी न्या. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चालू असतो.

आता तुमचा प्रश्न, 'हे तेच आहे का?' काही अंशी. पट्टी दाबूनही काही होत नाही, हा अनुभव तुमच्या भावानं वर्षभर घेतला. 'लावून काय होणार' हे त्या अनुभवाचं बल्बापर्यंत पसरणं असू शकतं. पण त्यानं सांगितलेली एक गोष्ट या सिद्धांताला सुरुवातीपासून नडलीय, ती म्हणजे 'माझ्यामुळं'. माझ्या हातात काहीच नाही असं मानणारा माणूस स्वतःला दोष कसा देईल? जे आपल्या हातात नव्हतं त्याचा अपराध आपल्या माथी कसा? कुत्र्यांच्या प्रयोगात याला उत्तर नाही. कुत्रं स्वतःला दोष देतं की नाही हे बघायची सोयच नाही.

म्हणून १९७८ मध्ये लिन अब्रॅमसन, सेलिगमन आणि जॉन टीसडेल यांनी सिद्धांत माणसांसाठी नव्यानं मांडला. नुसतं 'चालत नाही' एवढ्यानं नैराश्य येत नाही. 'का चालत नाही' याचं माणूस काय कारण देतो त्यावर ठरतं. कार्यालयाची पद्धत वाईट आहे म्हणून काम झालं नाही, असं म्हणणारा चिडेल आणि उसाकडं वळेल. मी आहेच असा, कायमचा असा, सगळ्याच बाबतीत असा, असं म्हणणारा खाटेवर बसेल. सीमाभाग_५६, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर यात आहे. शब्द एकच, पण त्यामागं दिलेलं कारण वेगळं.

या मांडणीवरही टीका झाली. पुष्कळसे प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होते, न सुटणारी अक्षरकोडी देऊन. त्यांना थोडा वेळ वाईट वाटलं, याला नैराश्य म्हणायचं का? आणि 'मी आहेच असा' हे कारण आधी येतं आणि त्यातून आजार होतो, की आजारी माणूस तसं बोलू लागतो, हे एकदाच विचारून ठरत नाही.

'कुत्री परत उठली का?' हो. पलीकडे खाणं ठेवून पाहिलं, आडकाठी काढून पाहिली, त्यानं काही झालं नाही. शेवटी १९६८ च्या प्रयोगात गळ्याला दोर लावून त्यांना ओढून पलीकडं नेलं, परत परत, कित्येक वेळा. सुरुवातीला जड ओढावं लागायचं, हळूहळू दोराला नुसता हिसका पुरायचा, आणि मग ती आपणहून उडी मारू लागली. पण कृपा करून भावाला असं ओढू नका. तिकडं पलीकडे खरोखर शॉक नव्हता, म्हणून ते जमलं. त्या कार्यालयात पुन्हा पाठवलंत आणि पुन्हा हात हलवत आला, तर शेजाऱ्याच्या बैलासारखं व्हायचं.

निपाणी_नाका

म्हणजे शेवटी उडी मारल्यावरच बदललं ना? मग मी काय वेगळं म्हणत होतो? सकारात्मक विचार द्या, माणूस उडी मारतो.

रताळ्याचा_वाफा

उलटं झालंय की ओ. आधी उडी, मग विचार. कुत्र्याला कुणी भाषण दिलं नव्हतं.

फार्मसी_टिळकवाडी

औषधांच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पोरसोल्टनं १९७७ मध्ये काढलेली सक्तीच्या पोहण्याची चाचणी आम्ही करायचो. काचेचं उभं नळकांडं, त्यात पाणी, त्यात छोटा उंदीर, सहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं सोडून द्यायची, उरलेल्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल तरंगतो ते स्टॉपवॉचवर घ्यायचं. नैराश्यावरचं औषध दिलं की निश्चल वेळ कमी होतो. कागदावर आम्ही त्या तरंगण्याला 'हताशा' म्हणायचो.

मला ते शब्द लिहिताना दर वेळी खटकायचं. तो उंदीर चारही पाय ताणून, नाक तेवढं पाण्यावर ठेवून, शेपटीनं तोल सांभाळत असायचा. भिंतीला बाहेर जायची वाट नाही हे त्याला कळलेलं असायचं आणि तो ताकद राखून ठेवत असायचा. हताश म्हणण्यापेक्षा मला तो शहाणा वाटायचा. बरेच संशोधकही आता हेच म्हणतात. आणि औषधाचा परिणाम उंदरात एकदोन मात्रांत दिसतो, माणसाला त्याच औषधानं बरं वाटायला आठवडे लागतात. मग आम्ही तिथं नक्की काय मोजत होतो?

चाचणी संपली की उंदीर बाहेर काढून फडक्यानं पुसायचो. हातात त्याचं काळीज धडधडायचं ते अजून आठवतं. सेलिगमनच्या गटानं १९६५ ते १९६९ मध्ये जवळपास दीडशे कुत्री वापरली, असं वाचलंय. त्यातली एकतृतीयांश अडलीच नाहीत. तेवढेच शॉक बसूनही. एवढं दुःख देऊन जे कळलं ते तेवढ्या मोलाचं होतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. मी ते काम सोडलं.

जांबोटी_घाट

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडंही तयार उत्तर नाही. मीही उंदरांच्या शेपटीला इलेक्ट्रोड लावलेत. त्या कामातून मिळालेलं ज्ञान मी रोज वापरतो आणि ते पुन्हा करायला मी तयार नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

न अडलेल्या एकतृतीयांशांबद्दल बरं बोललात. पुस्तकं त्यांना गाळतात. सेलिगमन आणि मायरनं त्याच १९६७ च्या लेखात आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्या कुत्र्यांना झोळीच्या आधी पेटीत सुटका करून घ्यायचा अनुभव मिळाला होता, ती नंतरच्या बेइलाज शॉकनंही अडली नाहीत. ही कुत्री कुठून कुठून आणलेली होती. काहींनी आधीच्या आयुष्यात स्वतःची सुटका अनेकदा केलेली असणार, असा सेलिगमनचा तर्क होता.

आणि इथूनच २०१६ कडं जाता येतं, मॅडम. मायर पुढं मेंदूच्या कामात शिरला, कोलोरॅडो विद्यापीठात. आता उंदीर, शेपटीला शॉक, समोर एक छोटं चाक. चाक फिरवलं की शॉक बंद. जोडीदार उंदराचं चाक निकामी. जुनी कल्पना खरी असती तर 'ताबा नाही' हे मेंदू कुठं तरी ओळखतो, अशी जागा सापडायला हवी होती. सापडलं ते वेगळंच. मेंदूच्या बुंध्यात सेरोटोनिनच्या पेशींचा एक पुंजका आहे, डॉर्सल रॅफे. दीर्घ त्रास झाला की तो आपणहून पेटतो आणि प्राणी गपगार होतो. हे शिकावं लागत नाही, हे उपजत आहे. ज्या उंदराच्या हातात चाक असतं, त्याच्या कपाळामागच्या मेंदूचा एक भाग 'माझ्या करण्यानं थांबतंय' हे ओळखतो आणि त्या पुंजक्याला आवर घालतो.

२००५ मध्ये त्यांनी तो पुढचा भाग औषधानं तात्पुरता झोपवला. उंदीर चाक फिरवायला व्यवस्थित शिकला, शॉक थांबवत राहिला, पण नंतर तो निकामी चाकवाल्या उंदरासारखाच अडला. ताबा होता, वापरलाही, पण मेंदूत त्याची नोंद झाली नाही. आणि पुढच्या कामात उलटही दिसलं. निकामी चाकवाल्या उंदराचा तो भाग औषधानं जागवला तर तो अडला नाही.

तेव्हा तुमच्या धाग्याच्या शीर्षकाला माझं उत्तर असं. दुसऱ्या गटातलं कुत्रं बहुधा नवं काही शिकलं नाही. दीर्घ त्रासात जे आपोआप होतं ते त्याचं झालं. शिकलं ते पहिल्या गटातलं कुत्रं.

मार्कंडेयकाठ

हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून होते. म्हणजे मायरचा १९७० चा प्रयोगही आता वेगळा दिसतो. स्थिर राहून शॉक थांबवणाऱ्या कुत्र्यांच्या हातातही ताबा होता. हालचाल नव्हती, पण ताबा होता. म्हणून ती अडली नाहीत.

पण मग 'शिकलेली असहाय्यता' हे नावच चुकीचं ठरतं. परीक्षेत पोरांनी ते लिहायचं की नाही?

जांबोटी_घाट

नाव लिहू द्या, प्रश्नपत्रिकेत तेच येणार. पण २०१६ चा निष्कर्षही उंदरांवरचा आहे. त्या उंदरांतला परिणाम काही दिवसांत उतरतो. माणसात नैराश्याचं निदान करायला लक्षणं किमान दोन आठवडे लागतात आणि प्रत्यक्षात ती महिनोन् महिने चालतात. त्या मधल्या अंतरात काय असतं, ते कुत्र्यानंही सांगितलं नाही आणि उंदरानंही. काही नैराश्य तर कसलीच आपत्ती नसताना येतं, तिथं हा सिद्धांत मुळातच लागू होत नाही.

निपाणी_नाका

एक मान्य करतो. अकराव्या दुकानात पोरगं जात नाही तेव्हा मी त्याला भाषण देत होतो. आता एखाद्या हमखास माल घेणाऱ्या ओळखीच्या दुकानात आधी पाठवून बघतो. पण विचारांचा काहीच वाटा नाही, हे मला अजून पटत नाही. १९७८ ची ती 'कारण देण्याची' गोष्ट विचारांचीच तर आहे.

जांबोटी_घाट

ती विचारांचीच आहे, आणि माणसात तिला वाटा आहेच. तुमची पोरं मात्र आजारी नाहीत, ती नकारांनी वैतागलेली आहेत. तेवढा फरक ठेवा.

हिरण्यकेशी

काल भावाला बेळगावला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. तुम्ही सांगितलेला तो प्रश्न मी बसमध्ये विचारला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "तसं येतं कधी कधी मनात. करणार नाही." डॉक्टरांना तेही सांगितलं. वहिनी आणि मी पाळी लावून त्याच्याजवळ थांबतोय.

कार्यालयातलं काम आता मी बघतो, त्याला त्यातलं काही सांगत नाही. बल्ब अजून लागलेला नाही. मी लावणार होतो, वहिनी म्हणाली राहू दे, खिशातून काढून कोनाड्यात ठेवलाय त्यानं. यात काही अर्थ आहे की नाही ते मला कळत नाही. मी लावू का, की त्याच्यासाठी ठेवू?

रताळ्याचा_वाफा

स्टूल तेवढं दिव्याखाली ठेवा. लावू नका, सांगूही नका.

जांबोटी_घाट

गोळ्यांचा असर दिसायला दोनतीन आठवडे जातील, तोवर बल्बाचा हिशेब ठेवू नका. औषधांच्या पट्ट्या आणि शेतातली फवारणीची औषधं मात्र आजच कुलपात ठेवा, आणि किल्ली वहिनींकडं द्या.